रोज २४० डबे

पुण्यातल्या एका मिठाईवाल्यांनी दिवाळीसाठी सीताफळ बर्फी काढायची ठरवली आणि तिच्या जाहिरातीचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. मालकांनी फोनवरच सांगून टाकलं, "ताई, लिमिटेड एडिशन आहे, तेवढं ठसठशीत येऊ द्या." मी विचारलं, लिमिटेड कशामुळे? ते म्हणाले, "सीझन असतो ना सीताफळाचा."

हे उत्तर लिहून टाकायला अगदी सोपं होतं. अडचण एकच होती. याच दुकानातून मी एप्रिलमध्ये सीताफळ रबडी घरी नेली होती. भर उन्हाळ्यात रबडी विकणाऱ्या दुकानाने दिवाळीत "मोसम थोड्याच दिवसांचा" असं लिहिलं, तर नेहमी येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या ते लगेच लक्षात येतं. तो तोंडावर काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी आपण काही खरं सांगितलं तरी त्याला ते पटत नाही.

ती उन्हाळ्यातली रबडी होते कशी, तेही सांगते. पुरंदर, बीड, बार्शी या भागांतलं सीताफळ साधारण पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत बाजारात येत राहतं. बीडच्या सीताफळाला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हंगामात भाव उतरले की प्रक्रिया करणारे फळ उचलतात, गर काढतात आणि उणे १८ अंशांच्या आसपास गोठवून ठेवतात. आइस्क्रीम, मिल्कशेक आणि रबडी वर्षभर याच गरावर चालतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, रबडी उत्तम होते. मग बर्फीच का मर्यादित, हा प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर फोनवर मिळणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी त्यांच्या कारखान्यात गेले.

तिथले मुख्य कारागीर, ज्यांना सगळे महाराज म्हणतात, त्यांनी मला आधी एक चमचा चाखायला दिला. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे खव्यात गर घालून कढईत आटवलेल्या बर्फीचा तो नमुना होता. पहिल्या क्षणी गोड लागला आणि मागून जिभेवर एक कडवट, जुनाट चव आली. महाराज म्हणाले, "आंब्याचा रस आटवा, पेरू आटवा, काही होत नाही. सीताफळ आगीवर रुसतं." ही त्यांच्या कढईची खोड नाही. सीताफळाचा गर साधारण ६५ अंशांच्या पुढे तापला की कडवटपणा धरतो, हे फळप्रक्रियेत काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच घरी बासुंदीत सीताफळ घालताना आई आधी बासुंदी गार होऊ देते.

महाराजांनी त्यावर काढलेला मार्ग असा. म्हशीच्या दुधाचा घट्ट, कोरडा खवा घ्यायचा, ज्याला पिंडी खवा म्हणतात. तो साखरेबरोबर नेहमीपेक्षा थोडा अधिक परतून आणखी कोरडा करायचा. मग परातीत पसरून हाताला सोसवेल इतका निवू द्यायचा आणि तेव्हा कुठे गर मिसळायचा. १ किलो खव्याला पाव किलो साखर आणि पाव किलो गर. यापेक्षा जास्त गर घातला तर बर्फी बसतच नाही, वडी कापताना सुरीला चिकटते, कारण गरात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. गोठवलेला गर इथेच हार खातो. तो वितळताना पाणी सोडतो. रबडीत ते पाणी दुधात मिसळून जातं, बर्फीत मात्र ते वडीच्या तळाशी उतरतं. महाराजांनी गोठवलेल्या गराचा एक ताट घाणही मला दाखवला. वरून वडी ठीक होती, खालचा कागद ओला होता.

आणि शेवटी न तापवलेल्या गराचं जे होतं ते होतंच. आटवलेली बर्फी आठवडाभर राहते, ही बर्फी फ्रीजमध्ये तीन दिवस. चौथ्या दिवशी तिला किंचित आंबूस वास येतो आणि रंग गुलाबीसर तपकिरी पडतो.

आता माझ्या हातात एक खरं कारण होतं, पण ते बर्फी कमी का टिकते याचं होतं, कमी का बनते याचं नव्हतं. जाहिरात लिहिणारे बहुतेक वेळा इथेच घसरतात. एक खरी गोष्ट सापडली की तिच्यावरच सगळा भार टाकतात. तीन दिवस टिकणारी मिठाई रोज हजार डबे बनवून रोज विकता येईलच की. मग रोज किती बनणार, आणि तेवढीच का? हे विचारल्यावर मालक म्हणाले, "लिहा ना, दुर्मीळ फळ आहे." मी त्यांना म्हटलं, काका, आधी आकडा काढू, मग शब्द.

आम्ही एका पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. गर काढायला तीन मावशी आहेत. सीताफळ फोडायचं, गर चमच्याने काढायचा, चाळणीवर हाताने चोळून बिया वेगळ्या करायच्या. यंत्र मिळतं, पण ते मोठ्या मालासाठी असतं. एवढ्याशा गरासाठी निम्मा तर यंत्रालाच चिकटून राहतो. मिक्सर चालत नाही, कारण बी फुटली की सगळा गर वाया जातो. एक मावशी तासाला साधारण अडीच किलो गर काढते. सकाळी सहा ते आठ, दोन तास, तिघींचे मिळून १५ किलो. त्यातला काळा पडलेला, कणीदार भाग बाजूला काढला की १२ किलो चांगला गर उरतो. पाव किलोला १ किलो या मापाने ४८ किलो खवा लागतो, म्हणजे सुमारे २४० लिटर म्हशीचं दूध. परतताना जाणारं पाणी, कडेचे तुकडे, चाखायला ठेवलेली वडी हे सगळं वजा जाता पाव किलोचे २४० डबे भरतात.

आणि फळ किती लागलं? १५ किलो गराला, कच्चं-सडकं धरून, ४५ किलोच्या आसपास. म्हणजे दोन-अडीच क्रेट. हंगामात मार्केट यार्डात सीताफळाचे टेम्पोच्या टेम्पो उतरतात. त्या ढिगापुढे आमची गरज कोपऱ्यात मावेल एवढी होती. "दुर्मीळ" हा शब्द त्या कागदावरच बाद झाला. फळ मुबलक होतं. मोजके होते ते सकाळचे दोन तास आणि सहा हात.

मग मी तोच प्रश्न विचारला जो गिऱ्हाईक विचारील. आदल्या दिवशी गर काढून ठेवला तर? मावशींनीच उत्तर दिलं, "ताई, रात्रभर ठेवलेला गर सकाळी बघवत नाही." हवा लागली की गर काळवंडतो आणि वास उतरतो. आणखी माणसं लावली तर? मालकांनी थोडं थांबून सांगितलं, दिवाळीत बाकीचे सगळे हात चकली, चिवडा, लाडू, अनारशांवर असतात. फराळाच्या ऑर्डरी आधीच घेतलेल्या असतात. या बर्फीसाठी ते हात काढले तर फराळ उशिरा जाईल, आणि दुकान चालतं ते फराळावर. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला होता. त्यांना ते दुकानाचं उणेपण वाटत होतं. मला वाटलं, मजकुरात सगळ्यात आधी हेच यायला हवं. मर्यादा दोन प्रकारच्या असतात. काही आपल्यावर येऊन पडतात आणि काही आपण ठरवून घेतो. दुसऱ्या प्रकारच्या मर्यादेला निसर्गाचं नाव दिलं की खोटेपणा सुरू होतो. इथे गराचा स्वभाव निसर्गाचा होता, पण तीन मावशींपेक्षा जास्त माणसं न लावणं हा दुकानाचा निर्णय होता. दोन्ही वेगवेगळे दिसायला हवे होते.

मी लिहिलेला मजकूर असा होता:

"सीताफळ बर्फी. वसुबारस ते भाऊबीज, रोज २४० डबे.

सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. म्हणून खवा निवल्यावर आम्ही तो घालतो. त्यामुळे फळाची चव राहते, पण बर्फी फ्रीजमध्ये तीनच दिवस टिकते.

गर त्याच सकाळी काढलेला असतो. बिया हातानेच काढाव्या लागतात. दिवाळीत आमची बाकी माणसं फराळाच्या कामात असतात, या कामाला तिघीजणी आहेत. त्या सकाळी जेवढा गर काढतात, त्याचे २४० डबे होतात.

१४० डबे आगाऊ नोंदणीचे. १०० डबे काउंटरवर, सकाळी अकरापासून. फळ कमी पिकलं तर डबेही कमी होतील. त्या दिवसाचा आकडा सकाळी आठला फलकावर लिहू.

आमची सीताफळ रबडी नेहमीसारखी वर्षभर मिळेल. ती गोठवलेल्या गराची असते."

मालकांना शेवटची दोन वाक्यं खटकली. गोठवलेला गर वापरतो हे आपणच कशाला सांगायचं? मी म्हटलं, कारण वाचणाऱ्याच्या मनात हा प्रश्न येणारच आहे आणि त्याचं उत्तर तोच मनाशी देईल. आपण सांगितलं की रबडीचा मान कमी होत नाही, आणि बर्फी वेगळी का हे मात्र एका वाक्यात कळतं. बराच वेळ विचार करून त्यांनी ती वाक्यं राहू दिली. महाराजांची हरकत वेगळी होती. "तिघीजणी" लिहिलंत, एखादी आजारी पडली तर? म्हणूनच "डबेही कमी होतील" हे वाक्य मी ठेवलं होतं, पण त्यात फक्त फळाचं नाव होतं. ते आम्ही "फळ किंवा हात कमी पडले तर" असं केलं. मजकुरातली ही सुधारणा मला सगळ्यात आवडते, आणि ती माझी नाही.

आगाऊ नोंदणीचा आकडा वेगळा लिहिण्याबद्दलही थोडी ओढाताण झाली. फक्त "रोज २४०" लिहिलं असतं तर मजकूर सुटसुटीत दिसला असता. पण रांगेत उभ्या राहिलेल्या माणसासाठी खरा आकडा १०० असतो. एकशे एकावा माणूस २४० वाचून आला असेल, तर आकडा खरा असूनही त्याची फसवणूक होते.

मूळ मजकुरातले जे शब्द मी काढले त्यांच्याबद्दलही सांगायला हवं, कारण त्यांत नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. मालकांच्या कच्च्या खर्ड्यात "ताजी", "नैसर्गिक", "अस्सल" हे तिन्ही शब्द होते. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांत असे शब्द कधी वापरता येतात हे ठरवून दिलेलं आहे. धुणं, सोलणं, कापणं, थंड ठेवणं अशा गोष्टींपलीकडे फारशी प्रक्रिया न केलेल्या पदार्थाला ताजा म्हणता येतं. खवा आटवून केलेल्या बर्फीला तो शब्द लावणं अवघड. "नैसर्गिक"चंही तसंच, अनेक घटक एकत्र करून केलेल्या पदार्थाला तो शब्द सरसकट चिकटवता येत नाही. मी त्यांच्या जागी "त्याच सकाळी काढलेला गर" एवढंच लिहिलं. नियमाच्या बाजूने ते बिनधोक आहे आणि वाचणाऱ्याला "ताजी"पेक्षा जास्त काही सांगतं. सुट्या मिठाईच्या ट्रेजवळ ती कधीपर्यंत खावी हे लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहेच. आम्ही तीच तारीख डब्यावरही मोठ्या अक्षरात छापली, कारण दिवाळीत डबा दुसऱ्याच्या घरी जातो, आणि तिथे दुकानातली पाटी कोणी वाचलेली नसते.

मोबाइलवर जाणाऱ्या संदेशांचा प्रश्न जास्त नाजूक होता. दुकानाचं काम बघणाऱ्या तरुण मुलाने एक संदेश आधीच तयार ठेवला होता: "शेवटचे १० डबे! आत्ताच मागवा!" तो दररोज दुपारी एक वाजता आपोआप जाणार होता, डबे उरले किती हे न बघता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ग्राहकाला गाफील पकडणाऱ्या १३ युक्त्या दिल्या आहेत, आणि यादीत पहिलीच आहे खोटी घाई. माल संपत आल्याचा किंवा मागणी फार असल्याचा खोटा भास निर्माण करणं त्यातच येतं. त्या मुलाला मी वाईट म्हणणार नाही, त्याने इतरत्र पाहिलेलं उचललं होतं. आम्ही ठरवलं की संदेश दिवसातून एकच जाईल, डबे संपल्यावर, आणि तोही असा: "आजची सीताफळ बर्फी संपली. उद्या सकाळी अकरा वाजता १०० डबे काउंटरवर असतील." कुणाची फेरी वाचावी एवढंच त्या संदेशाचं काम.

वसुबारसेला आणि धनत्रयोदशीला सगळं ठरल्याप्रमाणे झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मजकुराची परीक्षा झाली. आदल्या तीन दिवसांत परतीचा पाऊस पडून गेला होता, हवा गार आणि ओली होती. सीताफळ झाडावरून कडकच उतरवतात आणि ते नंतर तीन-चार दिवसांत पिकतं. गारठ्यात पिकणं लांबतं, आणि भिजलेलं फळ उकलून काळं पडतं. पहाटे क्रेट उघडले तर बोटाने दाबल्यावर मऊ लागणारी फळं जेमतेम निम्मी. महाराजांनी गर मोजून सांगितलं, १५० डबे होतील. त्यांतले १४० नोंदणीचे. काउंटरला उरले १०.

मालकांचा पहिला विचार फ्रीजरमधला गर मिसळायचा होता. गर दुकानाचाच, त्याच जातीच्या फळाचा, कुणाला कळणार नाही, असं ते म्हणाले. महाराजांनी नकार दिला तो कागद ओला होतो म्हणून. मी नकार दिला तो "त्याच सकाळी काढलेला" हे आपण छापलं आहे म्हणून. मग नोंदणी केलेल्यांना फोन करून थोडे थोडे डबे कमी करावेत का, हाही विचार झाला, पण पैसे आधी घेतलेले होते. शेवटी आठ वाजता फलकावर खडूने लिहिलं: "पावसामुळे फळ पिकलेलं नाही. आज एकूण १५० डबे. नोंदणी १४०, काउंटरवर १०. नोंदणीचे सगळे डबे मिळतील." तेच मोबाइलवर पाठवलं. अकरा वाजता दारात नेहमीची रांग नव्हती, आठ-नऊ माणसं होती. त्यांतल्या एका आजोबांनी फलक वाचून विचारलं, "उद्याचं काय?" काउंटरवरच्या मुलाने आत जाऊन महाराजांना विचारलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "आजोबा, क्रेट गवतात झाकून ठेवलेत. उद्या बहुतेक होईल, पण सकाळी आठनंतर फोन करून या." दुसऱ्या दिवशी २१० झाले.

चूक निघाली ती अखेरीस, आणि ती माझी होती. भाऊबीजेच्या संध्याकाळी मालकांचा फोन आला. लोक अजून मागतायत, फराळाचं काम संपलंय, हात मोकळे झालेत, फळही उन्हाने छान पिकू लागलंय. आणखी आठ दिवस चालवू का? मी मजकूर पुन्हा काढून वाचला. २४० या आकड्यामागे कारण होतं, तीन दिवसांमागे कारण होतं, अकरा वाजण्यामागेही होतं. "भाऊबीजेपर्यंत" यामागे मात्र काहीच नव्हतं. सण आहे म्हणून मी सहज लिहून गेले होते. सीताफळ काही भाऊबीजेला संपत नाही, आणि ज्या कारणाने डबे मोजके होते ते कारण तर त्याच दिवशी संपत होतं.

त्या वर्षी आम्ही बर्फी भाऊबीजेलाच थांबवली. शेवटचा दिवस म्हणून काही माणसं कोथरूड-हडपसरहून त्या दिवशी मुद्दाम आली होती. दुसऱ्या दिवशी तोच डबा निवांत मिळाला असता तर त्यांची धावपळ फुकट गेली असती. पुढच्या वर्षीच्या मजकुरात पहिली ओळ बदलली: "सीताफळ बर्फी. वसुबारसेपासून. भाऊबीजेपर्यंत रोज २४० डबे, त्यानंतर फराळाचे हात मोकळे झाले की जास्त. फळ चांगलं येईल तोवर." ती ओळ घेऊन मी कारखान्यात गेले तेव्हा महाराजांनी "फळ चांगलं येईल तोवर" यावर बोट ठेवलं आणि विचारलं, चांगलं आहे हे ठरवणार कोण? मालक म्हणाले, "तुम्ही." मग कंसात ते वाक्यही घातलं, की ज्या दिवशी महाराजांना फळ पसंत पडणार नाही, त्या दिवशी बर्फी बंद होईल. त्या वर्षी ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंद झाली.